मेलवर भांडण, फोनवर गैरसमज आणि समोर बसलो तर दहा मिनिटांत मिटलं, असं का होतं?

लेथवाला_कुपवाड

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे, दोन सीएनसी लेथ, एक व्हीएमसी आणि सात माणसं. बेंगळुरूच्या एका पंपवाल्यांना गेली नऊ वर्षं बेअरिंग हाउसिंग करून देतो. कास्टिंग शिरोलीतून येतं, मशीनिंग आमच्याकडं. दर होता नगाला ४१२ रुपये.

फाउंड्रीनं किलोमागं ६ रुपये वाढवले. कास्टिंग ३.८ किलोचं, म्हणजे नगाला २२ रुपये ८० पैसे तिथंच गेले. इन्सर्ट आणि लाइट बिलाचे ३.२० धरून मी २६ रुपये वाढ मागितली, ४३८ करा म्हणून मेल टाकला आणि सोबत शीट जोडली. चार दिवसांनी उत्तर आलं ते एवढंच: "युअर कॅल्क्युलेशन इज नॉट करेक्ट. रिव्हाइज अँड सेंड युअर बेस्ट प्राइस." वर डिअर नाही, खाली रिगार्ड्स नाही. नऊ वर्षं एक नग रिजेक्ट झाला तरी दुसऱ्या दिवशी बदलून दिलाय मी, आणि हा माणूस मला हिशोबात खोटा ठरवतोय असंच वाटलं. रात्री अकराला जेवण झाल्यावर मी लिहिलं की आमच्या हिशोबावर शंका असेल तर दुसरा व्हेंडर बघा, आणि त्याच्या साहेबाला पण कॉपीत ठेवलं.

त्यानंतर सहा दिवस काहीच नाही. माझी खात्री झाली की दुसरीकडून कोटेशन मागवतायत. शेवटी फोन केला, सगळं सांगितलं, तो पलीकडून "ओके ओके, आय अंडरस्टँड, वी विल सी" म्हणत राहिला. मला वाटलं झालं, मान्य झालं. पुढच्या ५०० नगांचं बिल मी ४३८ नं लावलं. बिल अडकलं, कारण पीओवर, म्हणजे त्यांच्या खरेदी ऑर्डरवर, ४१२ च होते.

मग राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बेंगळुरूला गेलो एकदाचा. पिशवीत एक कच्चं कास्टिंग आणि एक तयार नग घेतला होता. त्यानं कॅन्टीनला नेलं, चहा झाला, मग स्टोअरच्या काट्यावर दोन्ही ठेवली. कच्चं ३.८, तयार ३.१. तेव्हा उलगडा झाला, त्यानं ड्रॉइंगवरचं तयार वजन धरलं होतं, ३.१ गुणिले ६ म्हणजे १८.६०. म्हणून माझा हिशोब "करेक्ट नाही". मला चोर म्हणायचा त्याचा विचारच नव्हता. आणि त्या सहा दिवसांत त्यांच्याकडं ऑडिट चालू होतं.

प्रश्न असा की हे दोघांपैकी एकानंही मेलवर साधं विचारलं का नाही? आणि प्रत्येक वेळी बेंगळुरूला जाणं मला परवडत नाही, दोन रात्री आणि एक दिवस जातो. तुम्ही लोक कसं करता?

माणदेशी_उद्योजक

दादा बिल अडकलंय ना, मग एमएसएमईच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडं ऑनलाइन तक्रार टाका. उद्यम रजिस्ट्रेशन असेल तर ४५ दिवसांच्या पुढं पेमेंट थकवता येत नाही, वर व्याज पण लागतं. मी गेल्या वर्षी टाकली होती, नोटीस जाताच त्यांच्या अकाउंटवाल्याचा स्वतःहून फोन आला.

लेथवाला_कुपवाड

भाऊ, पेमेंट थकलेलं नाही, बिल दराच्या फरकामुळं अडकलंय आणि त्यात चूक माझीच आहे, पीओ न बदलता मी नवा दर लावला. मला बोलणी कशी बिघडतात ते समजून घ्यायचंय.

सह्याद्री_वारा

यात नवल काय, संवादाचा ९३ टक्के भाग शब्दांच्या बाहेर असतो हे सिद्ध झालंय. ७ टक्के शब्द, ३८ टक्के आवाज, ५५ टक्के चेहरा. मेलमध्ये ७ टक्केच पोहोचतात, मग गैरसमज होणारच. दराची बोलणी समोरासमोरच करावीत, मेल फक्त पक्कं झाल्यावर.

वर्षा_विश्रामबाग

सह्याद्री, तुमचा रोख बरोबर आहे पण तो ९३ टक्क्यांचा आकडा इथं लागू होत नाही. मी एमबीएला निगोशिएशन शिकवते म्हणून दर वर्षी हा आकडा वर्गात कुणीतरी सांगतंच. तो अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून आला. त्यांनी 'मेबी' सारखे सुटे शब्द वेगवेगळ्या आवाजात ऐकवले, चेहऱ्याचे फोटो दाखवले आणि बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही एवढंच ओळखायला सांगितलं. भावना ओळखण्यापुरतं ते ठीक आहे. ३.८ किलो की ३.१ किलो हे चेहऱ्यावरून कुणालाच कळणार नाही.

दादांच्या प्रकरणात मला दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. एक वजनाचा घोळ, तो शब्दांतलाच होता, शीटमध्ये "कास्टिंग वजन" असं स्पष्ट लिहिलं असतं तर झालाच नसता. दुसरी म्हणजे 'नॉट करेक्ट' वाचून मनात आलेला अर्थ. यावर २००५ मधला क्रूगर आणि एपली वगैरेंचा एक चांगला अभ्यास आहे. लोकांना काही वाक्यं गंभीरपणे आणि काही टोमणा म्हणून पाठवायची होती, काहींनी मेलवर आणि काहींनी आवाजात. पाठवणाऱ्यांचा अंदाज होता की समोरच्याला १०० पैकी ७८ वेळा तरी बरोबर कळेल, मेलवर असो की आवाजात. आवाजात ते जवळपास खरं निघालं. मेलवर मात्र ५६, म्हणजे नाणं उडवून छापा-काटा केल्यासारखंच. कारण लिहिताना आपल्याला आपला सूर मनात ऐकू येत असतो, आणि तो कागदावर उतरलाच नाही हे लक्षात येत नाही. वाचणाऱ्यालाही आपण बरोबर ओळखलं अशी खात्रीच होती. म्हणून कुणी विचारायला जात नाही. तुमच्या "विचारलं का नाही" चं उत्तर माझ्या मते हे आहे.

जुना_खरेदीवाला_सातारा

मी एकतीस वर्षं पर्चेसला होतो, आता रिटायर होऊन साताऱ्यात असतो, म्हणून पलीकडच्या टेबलावरून सांगतो. पर्चेसच्या माणसाकडं शंभराच्या वर पार्ट असतात आणि दर वाढवून मागणारे मेल रोज. तो तुमचा मेल लाइनवर उभा राहून मोबाईलवर वाचतो, शीट उघडतच नाही किंवा उघडली तर पहिला आकडा बघतो, ड्रॉइंगचं वजन पाठ असतं ते गुणतो, जुळलं नाही की लिहितो नॉट करेक्ट. त्यात तुमच्याविषयी राग नसतो, तुमच्याविषयी विचारच नसतो. वाईट वाटेल पण असंच आहे.

तुम्ही साहेबाला कॉपीत घेतलंत ना, ते मात्र त्याला लागलं असणार. सहा दिवस गप्प होता ते ऑडिटमुळं हे खरं असेल, पण ऑडिट नसतं तरी तो दोन दिवस गप्पच राहिला असता, कारण आता प्रत्येक शब्द साहेब वाचणार आणि चुकीचं काही लिहून आपण का अडकावं. समोर असता तर तुम्ही साहेबाच्या केबिनकडं नुसतं बघितलं असतंत, तेवढंही पुरलं असतं आणि ते मागं घेता आलं असतं. मेल मागं घेता येत नाही.

आणि फोनवरचं "ओके ओके". बाबा, पर्चेसवाल्याला फोनवर हो म्हणायचा अधिकारच नसतो. दर बदलायचा म्हणजे पीओ अमेंडमेंट, त्याला फायनान्सची सही. तो ओके म्हणतो म्हणजे ऐकतोय. फोन ठेवायच्या आधी एकच विचारायचं, "अमेंडमेंट कधीपर्यंत येईल?" तारीख सांगितली तर हो समजा. "बघतो", "टाकून ठेवतो" म्हणाला तर अजून काही झालेलं नाही. समोर बसलं की हे विचारावं लागत नाही, कारण तो तुमच्यासमोरच फायनान्सवाल्याला फोन लावतो की नाही ते दिसतं.

लेथवाला_कुपवाड

काका, अगदी हेच. तिथं बसलो होतो तेव्हा त्यानं खरंच फायनान्सला फोन लावला, मला ते तेव्हा मोठं काही वाटलं नव्हतं.

बेदाणा_तासगाव

आमचा सगळा धंदाच फोनवर. माल कोल्ड स्टोरेजला, व्यापारी दिल्ली नाहीतर इंदूरला, तोंड कधी बघितलेलं नसतं अशा माणसाला गाडी भरून देतो. तीन वर्षांमागं ३०० बॉक्स दिले, १५ किलोचा बॉक्स, म्हणजे साडेचार टन. फोनवर दर ठरला, तो म्हणाला "पक्का", मी म्हणालो "पक्का". मी समजत होतो स्टोरेजवरून उचल, गाडीभाडं त्याचं. तो समजत होता त्याच्या दुकानात पोच. भाडं कापून पैसे आले तेव्हा कळलं. दोघांनी पण पक्का म्हटलं आणि दोघं पण खरं बोलत होते, हे मला अजून चटका लावतं.

तेव्हापासून फोन झाला की पाच मिनिटांत व्हॉट्सअॅपला टाकतो: बोलल्याप्रमाणे, हिरवा माल, ३०० बॉक्स, दर अमुक, स्टोरेजवरून उचल, भाडं तुमचं, पैसे इतक्या दिवसांत. सुरुवातीला एक जुना व्यापारी भडकला, म्हणाला वीस वर्षांत तुझ्या वडिलांनी कधी लिहून मागितलं नाही, माझ्यावर भरवसा नाही का. खरंच माझ्याकडं उत्तर नव्हतं. आता मी फोनवरच आधी सांगतो की शेठ, दिवसात वीस फोन होतात, माझाच घोळ होतो, म्हणून माझ्यासाठी लिहून ठेवतो, चुकलं असेल तर दुरुस्त करा. यावर आजवर कुणी रागावलं नाही. उलट एकानं परवा दुरुस्त केलं, मी दिवस चुकीचे लिहिले होते.

वर्षा_विश्रामबाग

बेदाणावाले दादा, "चुकलं असेल तर दुरुस्त करा" हा तुमच्या मेसेजचा जीव आहे. नुसतं "बोलल्याप्रमाणे" लिहिलं तर पुरावा गोळा केल्यासारखं वाटतं, दुरुस्ती मागितली की दोघांचं काम होतं.

फोनबद्दल एक सांगते. व्हॅली, मोआग आणि बेझरमन यांचा १९९८ चा अभ्यास आहे, त्यात एकाला वस्तूची खरी किंमत माहीत आणि दुसऱ्याला नाही अशी बोलणी लावली होती. नुसत्या लेखी बोलण्यात सौदे जास्त फिसकटले, समोरासमोर लोक जास्त खरं बोलले, आणि फोनवर खोटं बोलणं वाढलं. फोनवर आवाजामुळं ओळख झाल्यासारखं वाटतं, त्यामुळं ऐकणारा विश्वास ठेवतो, पण बोलणाऱ्याला डोळ्यांना डोळा द्यायचा नसतो. तुमच्या व्यापाऱ्यानं फसवलं असं मी अजिबात म्हणत नाही, तो निव्वळ घोळ होता. पण अनोळखी माणसाशी पहिला सौदा फोनवर करताना हे डोक्यात असावं.

निशिगंध_कराड

मला थोडं वेगळं बोलायचंय. सगळे समोरासमोरच चांगलं म्हणतायत, माझा अनुभव उलटा आहे. माझा कोरुगेटेड बॉक्सचा व्यवसाय आहे. साताऱ्यातल्या एका कंपनीत दरासाठी गेले, समोर तिघे बसलेले, एकजण बोलतो आणि दोघं नुसतं रोखून बघतात. कागद बघायच्या आधीच पहिलं वाक्य "मॅडम, मिस्टरांना घेऊन यायचं ना." मग दर सांगितला की गप्प बसायचे, अर्धा मिनिट, एक मिनिट. ती शांतता मला सोसली नाही आणि मीच आपणहून बॉक्समागं ४० पैसे कमी केले. कुणी मागितलेही नव्हते. घरी येऊन रात्रभर झोप लागली नाही.

त्यानंतर मी बोलणी मेलवरच करते. वेळ मिळतो, कागदाचा जीएसएम, प्लाय, बर्स्टिंग स्ट्रेंथ सगळं लिहून हिशोब मांडते, आणि गप्प बसले तर बसू दे, मी बॉक्स बनवत असते. मेलवर माझा दर टिकतो. म्हणून सगळ्यांना समोर जा असं सांगू नका प्लीज.

सह्याद्री_वारा

ताई हा अपवाद झाला. त्या लोकांचं वागणं वाईट होतं, त्यात समोरासमोर बोलण्याचा काय दोष.

वर्षा_विश्रामबाग

अपवाद नाही सह्याद्री. लुइस आणि फ्राय यांनी १९७७ मध्ये नेमकं हेच तपासलं. बोलणी करणाऱ्या दोघांमध्ये पडदा ठेवला आणि काढला. ज्यांना फक्त स्वतःचा फायदा बघा असं सांगितलं होतं ते एकमेकांना दिसत असताना रोखून बघून दबाव टाकायला लागले आणि दोघांच्या मिळून पदरात कमी पडलं. पडदा होता तेव्हा त्यांचंच बरं जमलं. म्हणजे चेहरा दिसण्यानं जे आधीपासून आहे ते वाढतं. सद्भाव असेल तर सद्भाव, दमदाटी असेल तर दमदाटी. लेथवाले दादांच्या मागं नऊ वर्षांचं नातं होतं म्हणून कॅन्टीनचा चहा कामी आला. निशिगंध, तुमच्या समोर पहिल्या वाक्यातच हिशोबाऐवजी माणूस मोजणारे लोक होते, तिथं मेल हाच तुमचा पडदा झाला.

निशिगंध_कराड

हे वाचून बरं वाटलं. मी इतके दिवस स्वतःलाच कच्ची समजत होते.

जुना_खरेदीवाला_सातारा

निशिगंधताई, ती गप्प बसण्याची पद्धत आम्हाला शिकवलेली असायची. मीही वापरलीय, आता त्याचं वाईट वाटतं. पण एक सांगतो, मेलवरही तीच चाल आहे, उत्तर मुद्दाम लांबवायचं. फरक इतकाच की मेलवर मुद्दाम लांबवलेलं आणि कामात राहून गेलेलं बाहेरून एकसारखं दिसतं. तुम्ही शांत राहू शकता म्हणून तुम्हाला जमतं. लेथवाले शांत राहू शकले नाहीत आणि अकरा वाजता मेल गेला.

लेथवाला_कुपवाड

खरं आहे काका. गप्प बसल्याचा मी सगळ्यात वाईट अर्थ काढला. मग माझ्यासारख्यानं काय करायचं, जाणं परवडत नाही, मेलवर डोकं फिरतं, फोनवर ओके ओके ऐकून फसतो.

वर्षा_विश्रामबाग

जायची गरज नाही, पण क्रम बदला. मॉरिस, नॅडलर वगैरेंचा २००२ चा अभ्यास आहे. मेलवर बोलणी करायच्या आधी काही जोड्यांना एक छोटा फोन करायला लावला, त्यात कामाचं बोलायचं नाही, नुसती ओळख, कुठले, काय करता. ज्यांनी हा फोन केला त्यांच्यात मेलवर सहकार्य जास्त झालं आणि पुढंही सोबत काम करायची तयारी जास्त दिसली. तुमचा फोन मेलवर भांडण झाल्यावर गेला, म्हणून तो खुलासा मागणारा फोन झाला. तोच आधी केला असता, "फाउंड्रीनं दर वाढवलाय, शीट पाठवतोय, कास्टिंगच्या वजनावर केलीय, बघून घ्या", तर ३.८ आणि ३.१ तिथंच समोर आले असते.

बेदाणा_तासगाव

ताई, फोनवर नुसती ओळख पाळख करायची म्हटलं तर पर्चेसवाले उचलतात का? आमचे शेठ लोक पाऊस कसा आहे, घड कसे आहेत विचारल्याशिवाय दरावर येतच नाहीत, पण कंपनीतला माणूस म्हणेल काय काम आहे ते बोला.

जुना_खरेदीवाला_सातारा

बरोबर शंका आहे. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात फोन करू नका, डिस्पॅचची धावपळ असते, तिथं कुणी गोड बोलणार नाही. दहा तारखेनंतर सकाळी करा. आणि नुसती ओळख नको, त्याच्या कामाचं काहीतरी घेऊन करा, म्हणजे मागच्या लॉटमध्ये बोअरचं माप कसं आलं, असेंब्लीला काही अडचण आली का. ते कामाचंही होतं आणि दराचंही नसतं. परदेशातल्या विद्यार्थ्यांवर झालेला प्रयोग आपल्या पर्चेस ऑफिसला जसाच्या तसा लागू पडेल असं मला मात्र वाटत नाही, आमच्याकडं माणसाला जेवढा त्याचा साहेब दिसतो तेवढा तुम्ही दिसत नाही.

वर्षा_विश्रामबाग

काका, हे मान्य. त्या प्रयोगांमध्ये साहेब नव्हता, पीओ नव्हता, नऊ वर्षांचा व्यवहारही नव्हता.

लेथवाला_कुपवाड

अपडेट देतो. वजनाचं मिटलं पण दर अजून फायनल नाही. समोर बसलो असताना त्यानं नवीन काढलं, म्हणाला तुझी ०.७ किलो बुर निघते, बुरीचा दर पण वाढलाय, ते पैसे तुला मिळतात. हे खरं आहे, भंगारवाला आता किलोमागं ३ रुपये जास्त देतोय, म्हणजे नगाला २.१० मला सुटतात. तेवढे मी सोडतो म्हणालो, म्हणजे ४३५.९०. तो ४३३ म्हणतोय. तिथं हात मिळवून निघालो पण शेवटचा आकडा कुणीच मोठ्यानं बोललं नाही, आणि आता मला भीती वाटतेय की मी ४३५.९० समजून आलोय आणि तो ४३३.

उद्या असा मेल टाकायचा विचार आहे, इंग्रजीत करून पाठवीन: "काल वेळ दिल्याबद्दल आभार. माझ्या समजुतीप्रमाणे वाढ कच्च्या कास्टिंगच्या ३.८ किलो वजनावर, त्यातून बुरीच्या वाढीव दराचे २.१० वजा, दर ४३५.९०. तुमच्या बाजूनं ४३३ चा विषय निघाला होता, तो कोणत्या हिशोबावर आहे हे कळवलं तर मी बघतो. मी काही चुकीचं समजलो असेन तर दुरुस्त करा. आधीच्या मेलमध्ये साहेबांना कॉपीत घेतलं ते घाईत झालं." काट्यावर ठेवलेल्या दोन्ही नगांचा फोटो जोडू का? आणि शेवटचं वाक्य ठेवू की फोनवर सांगू?

निशिगंध_कराड

फोटो नक्की जोडा. शब्दांपेक्षा काट्यावरचा आकडा बघायला सोपा, आणि पुढं तो माणूस बदलला तरी फाइलला राहील.

जुना_खरेदीवाला_सातारा

शेवटचं वाक्य काढा. मेल उद्या त्यानं फायनान्सला फॉरवर्ड केला तर त्याचं आणि साहेबाचं प्रकरण तिसऱ्याच्या हातात जाईल. ते फोनवर सांगा, मेल टाकायच्या आधी, सकाळी दहाच्या सुमारास. आणि त्याच फोनवर विचारा अमेंडमेंट कधी निघेल.

सह्याद्री_वारा

मला अजूनही वाटतं की ४३३ चा विषय समोर बसलेला असतानाच संपवायला हवा होता. आता परत मेलवर आलात की परत तेच.

लेथवाला_कुपवाड

तेही खरं वाटतंय. पण गाडीची वेळ झाली होती आणि वातावरण इतकं चांगलं झालं होतं की तीन रुपयांवर परत सुरू करायची हिंमत झाली नाही. उद्या दहाला फोन करतो, काय म्हणतो ते इथं लिहितो.